छातीतली कळ गेली, पण दम लागतोय

पत्र : "डॉक्टर, माझं वय ४३. बारा दिवसांपूर्वी ताप आणि खोकला सुरू झाला. एक्स-रेमध्ये उजव्या बाजूला खाली न्यूमोनिया निघाला. तिसऱ्या दिवसापासून श्वास आत घेतला की उजव्या बरगड्यांत सुरी खुपसल्यासारखी कळ यायची आणि त्याच वेळी उजवा खांदाही दुखायचा. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसाला दुखत नाही, दुखतं ते त्याच्या आवरणाला. मला ते काही पटलं नाही. आता चार दिवस झाले, कळ पूर्ण थांबली आहे. अँटिबायोटिकचा कोर्सही संपला. पण जिना चढताना दम लागतो आणि संध्याकाळी कणकण येते. कळ गेली म्हणजे बरा झालो असं समजू का? आणि फुप्फुसाला दुखतच नाही, तर मग एवढं दुखलं कुठे, आणि त्यात खांद्याचा काय संबंध?"

उत्तर :

नमस्कार. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते थांबण्यासारखं नाही. बरा झालो असं समजू नका. कळ थांबली, पण दम वाढला आणि ताप रेंगाळतोय, हे तिन्ही एकत्र आलं की पहिली शंका छातीत पाणी झाल्याची येते. आजच डॉक्टरांकडे जा आणि छाती तपासून घ्या. आणि बसल्या जागी दम लागू लागला, चक्कर येऊन पडायला झालं, थुंकीतून रक्त आलं, ओठ निळसर दिसले किंवा एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागली, तर दवाखान्याच्या वेळेची वाट न पाहता थेट मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा.

आता तुमच्या डॉक्टरांचं ते वाक्य. ते खरं आहे, आणि ते नीट समजलं तर कळ गेल्यावरही मी तुम्हाला का पिटाळतोय तेही समजेल.

फुप्फुसाभोवती दोन पातळ पापुद्रे असतात. आतला पापुद्रा फुप्फुसाला अगदी चिकटलेला असतो, त्याच्या खाचांमध्येसुद्धा शिरलेला. बाहेरचा पापुद्रा बरगड्यांच्या आतल्या बाजूला, खाली श्वासपटलावर, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या स्नायूच्या पडद्यावर, आणि मध्ये हृदयाच्या बाजूला अस्तरासारखा लागलेला असतो. हे दोन्ही मिळून प्ल्यूरा, म्हणजे फुप्फुसावरण. दोघांच्या मध्ये एरवी मोकळी जागा अशी नसतेच. मोठ्या माणसात तिथे जेमतेम काही मिलिलिटर द्रव असतो. तो दोघांच्या मध्ये पातळ थर होऊन पसरतो आणि त्याच्यामुळे प्रत्येक श्वासाला फुप्फुस बरगड्यांवरून अलगद सरकतं. सगळ्यात जास्त सरकतं ते खालच्या भागात, कारण तिथे श्वासपटल वरखाली होत असतं. म्हणूनच ही कळ बहुधा छातीच्या खालच्या भागात, कुशीकडे येते.

दोन्ही पापुद्रे एकमेकांना लागून असले तरी गर्भात त्यांचा उगम वेगवेगळा आहे. बाहेरचा पापुद्रा शरीराच्या भिंतीबरोबर घडतो आणि त्याला भिंतीच्याच नसा मिळतात, म्हणजे ज्या नसा छातीच्या कातडीला आणि बरगड्यांमधल्या स्नायूंना जातात त्याच. आतला पापुद्रा अवयवाबरोबर घडतो. त्याला अवयवांच्याच नसा मिळतात, व्हेगस नावाच्या लांबच लांब नसेच्या शाखा आणि सिंपथेटिक नावाचं नसांचं जाळं. कातडीला टाचणी टोचली की बोट नेमकं तिथेच ठेवता येतं, कारण मेंदूत कातडीचा बारीक नकाशा असतो. भिंतीच्या नसांमुळे बाहेरचा पापुद्राही त्या नकाशात येतो. आतल्या पापुद्र्याला आणि खुद्द फुप्फुसाला त्या नकाशात तशी जागा नाही.

हे नुसतं शवविच्छेदनावरून बांधलेलं अनुमान नाही. जोसेफ कॅप्स नावाच्या अमेरिकी डॉक्टरांनी छातीत पाणी झालेल्या, पूर्ण शुद्धीतल्या रुग्णांवर हे तपासलं आणि १९३२ मध्ये सविस्तर प्रसिद्ध केलं. पाणी काढण्याच्या नळीतून बारीक तार आत घालून ते एकेका जागी टेकवत आणि रुग्णाला काय जाणवतं ते विचारत. बरगड्यांच्या आतल्या अस्तराला तार लागली की तीक्ष्ण दुखायचं आणि रुग्ण बोटाने जागा दाखवायचा. फुप्फुसावरच्या पापुद्र्याला लागली तर काही दुखायचं नाही. आणि श्वासपटलाच्या मधोमध लागली की रुग्ण हात खांद्यावर न्यायचा! तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिथे आहे, त्याकडे येतोच.

आजही हे रोज दिसतं. फुप्फुसातल्या गाठीचा तुकडा सुईने काढायचा असतो, तेव्हा भूल कातडीपासून बाहेरच्या पापुद्र्यापर्यंत द्यावी लागते. सुई त्या पापुद्र्यातून जाताना रुग्ण दचकतो. त्यापुढे सुई फुप्फुसात कितीतरी सेंटीमीटर आत गेली तरी तो सहसा शांत पडून असतो.

मात्र याचा अर्थ फुप्फुसाला काहीच कळत नाही असा करू नका. व्हेगसच्या टोकांतून मेंदूला सतत खबर जात असते. फुप्फुस किती फुगलं आहे, श्वासनलिकेत काही अडकलं आहे का, फुप्फुसात पाणी साठतंय का, हे सगळं त्यातून कळतं. यातल्या एका प्रकारच्या संवेदकांचा, ज्यांना जे-रिसेप्टर म्हणतात, शोध भारतीय शरीरक्रियाशास्त्रज्ञ ऑतार सिंग पेंटल यांनी १९५० च्या दशकात लावला. फुप्फुसातल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांजवळ हे संवेदक असतात आणि तिथे द्रव साचला की ते चेततात. पण या खबरींचं भाषांतर मेंदू खोकला, दम आणि छातीत घुसमट असं करतो, कळ असं करत नाही. मोठ्या श्वासनलिकांना सूज आली तर छातीच्या मध्यभागी खरचटल्यासारखी जळजळ होते, तीही याच वाटेने. सुरी खुपसल्यासारखी, बोटाने दाखवता येणारी, श्वासागणिक येणारी कळ मात्र बाहेरच्या पापुद्र्याचीच. म्हणूनच फुप्फुसाच्या मध्यात वाढणारी गाठ महिनोन्महिने दुखत नाही. ती भिंतीपर्यंत पोचली की मग दुखते.

आता तुमचा आजार या नकाशावर ठेवून पाहू.

पहिले दोन दिवस ताप आणि खोकला होता, दुखत नव्हतं. तेव्हा न्यूमोनिया फुप्फुसाच्या खालच्या भागात आत कुठेतरी होता. तिसऱ्या दिवशी तो पृष्ठभागापर्यंत पोचला. आधी आतला पापुद्रा सुजला असणार, पण त्याने तक्रार केली नाही, कारण त्याच्याकडे तक्रार पोचवणारी ती नस नाही. मग सूज समोरच्या, बाहेरच्या पापुद्र्याला लागली. गुळगुळीत पृष्ठभागावर फायब्रिन नावाचं चिकट प्रथिन जमलं आणि तो खरबरीत झाला. सुजेतून सुटणारी प्रोस्टाग्लँडिनसारखी रसायनं नसांची टोकं हळवी करतात, इतकी की एरवी न जाणवणारा ताणही दुखू लागतो. श्वास आत घेतला की बरगड्या फाकतात, अस्तर ताणलं जातं, दोन खरबरीत पृष्ठभाग घासतात आणि कळ येते. श्वास रोखला की घासणं थांबतं आणि कळ बरीच उतरते. खोकला, शिंक, जांभई, कूस बदलणं, यांत ती पुन्हा उसळते. या घासण्याचा आवाज स्टेथोस्कोपने ऐकू येतो, नव्या कातडी चपलेच्या करकरीसारखा, श्वास आत घेताना आणि सोडताना दोन्ही वेळा. श्वास रोखायला सांगितला की तो बंद पडतो. हृदयाच्या आवरणाला सूज असेल तर तसाच आवाज श्वास रोखल्यावरही ठोक्यागणिक येत राहतो, म्हणून डॉक्टर मुद्दाम श्वास धरायला लावतात.

बरगड्यांतली कळ मेंदूपर्यंत नेली ती बरगड्यांमधून धावणाऱ्या इंटरकोस्टल नसांनी. त्या पाठीच्या कण्यातून निघतात आणि प्रत्येक बरगडीच्या खालच्या कडेने पट्ट्यासारख्या पुढे येतात. प्रत्येकीचा आपला पट्टा ठरलेला असतो, म्हणून जागा इतकी नेमकी सांगता येते. यातल्या खालच्या नसा बरगड्यांपाशी थांबत नाहीत, त्या पुढे पोटाच्या भिंतीतही जातात. त्यामुळे श्वासपटलाच्या कडेला लागून असलेल्या पापुद्र्याला सूज आली तर कधीकधी पोट दुखतं. लहान मुलांत हे विशेष होतं. मूल पोट धरून रडत असतं, अपेंडिक्सची शंका घेतली जाते, आणि एक्स-रेमध्ये न्यूमोनिया निघतो.

खांद्याची गोष्ट याहून विलक्षण आहे. श्वासपटलाच्या मधल्या भागावरचा पापुद्रा बरगड्यांच्या नसांकडे नाही, तो फ्रेनिक नावाच्या नसेकडे आहे. ही नस मानेतून निघते, मणक्यांच्या तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या पातळीवरून. छातीच्या तळाशी असलेल्या स्नायूची नस मानेतून का यावी? कारण गर्भाच्या चौथ्या आठवड्यात श्वासपटलाचा मुख्य भाग मानेपाशीच तयार होऊ लागतो. गर्भ वाढतो तसा तो खाली सरकतो आणि आपली नस बरोबर ओढत नेतो. खांद्याच्या वरच्या भागावरची कातडीसुद्धा मानेच्या तिसऱ्या आणि चौथ्या पातळीच्याच नसांकडे असते. दोन्ही ठिकाणच्या खबरी मज्जारज्जूत एकाच पातळीवर येऊन मिळतात. मेंदूला त्या पातळीवरून वेदना आल्याचं कळतं, पण कातडीकडून खबर येणं नेहमीचं आणि श्वासपटलाकडून येणं क्वचितचं. म्हणून तो वेदना खांद्यावर टाकतो. तुमच्या खांद्याला तेव्हा काहीही झालेलं नव्हतं. फरक ओळखायची साधी खूण आहे. खांदा सांध्यामुळे दुखत असेल तर हात वर-मागे फिरवताना जास्त दुखतो. हा दुखतो श्वासाबरोबर, आणि हात कितीही फिरवला तरी त्याला फारसा फरक पडत नाही.

तुमच्या बाबतीत बरगडी आणि खांदा एकाच वेळी दुखत होते, म्हणजे सूज कुशीकडच्या अस्तरालाही होती आणि श्वासपटलाच्या मधल्या भागालाही. जागा शेजारशेजारच्या, पण नसा दोन.

आता पुन्हा कळ थांबण्याकडे येऊ. कळ येण्यासाठी दोन सुजलेले पापुद्रे एकमेकांना लागून घासले पाहिजेत. ती दोन कारणांनी थांबते. एक, सूज उतरली. ही चांगली गोष्ट. दुसरं, सुजेमुळे पापुद्र्यांच्या मध्ये पाणी साचलं आणि त्या पाण्याने दोघांना एकमेकांपासून दूर केलं. घासणं थांबलं, म्हणून कळ थांबली. आजार मात्र पुढे सरकला. न्यूमोनियानंतर असं पाणी होणं अजिबात दुर्मिळ नाही, आणि ते हळूहळू साचतं तेव्हा माणसाला खरोखर बरं वाटतं, म्हणूनच मी यावर इतका भर देतोय.

यातलं कोणतं कारण आहे हे कळेवरून ओळखता येत नाही, बाकीच्या लक्षणांवरून येतं. सूज उतरत असेल तर ताप आधी जातो, भूक परतते, श्वास मोकळा होतो आणि जिना दर दिवशी थोडा सोपा होत जातो. तुमचं उलट चाललंय. दम लागण्याचं कारण साधं आहे. पाण्याने जागा घेतली, तेवढं फुप्फुस दबलं, आणि पाण्याच्या वजनाने श्वासपटलही खाली दाबलं गेलं. कोर्स संपूनही कणकण येते याचा अर्थ कुठेतरी जंतुसंसर्ग शिल्लक असू शकतो, आणि तो त्या पाण्यातच असेल तर पू व्हायला वेळ लागत नाही. पू झाला की नुसत्या गोळ्यांनी भागत नाही, तो बाहेर काढावाच लागतो. चार दिवस आधी आणि चार दिवस नंतर यांत इथे फार मोठा फरक पडतो.

डॉक्टर पाठीवर बोटांनी ठोकून पाहतील. हवा भरलेलं फुप्फुस ठोकलं की पोकळ आवाज येतो, पाणी असेल तिथे बद्द. त्या भागात श्वासाचा आवाजही दूरवरचा, मंद येतो, आणि पूर्वी ऐकू आलेली करकर नाहीशी झालेली असते. मग उभ्याने एक्स-रे. त्यात साधारण २०० मिलिलिटर पाणी झाल्यावर बरगड्या आणि श्वासपटल यांच्यातला टोकदार कोपरा बुजलेला दिसतो. त्याहून कमी पाणी सोनोग्राफीत सापडतं. ते मोकळं आहे की पडद्यांनी कप्पे झालेत, हेही सोनोग्राफीच चांगलं सांगते, म्हणून शक्य असेल तर ती करून घ्याच. डॉक्टरांना फक्त "कळ थांबली" एवढंच सांगू नका. कळ कोणत्या दिवशी थांबली आणि दम कोणत्या दिवशी सुरू झाला, दोन्ही सांगा. तो क्रम त्यांना खूप काही सांगून जाईल.

आणखी एक शक्यता त्यांनी तपासायला हवी. आजारपणात माणूस दिवसचे दिवस झोपून असतो, अशा वेळी पायाच्या शिरेत गुठळी होऊन ती फुप्फुसात जाऊ शकते. छोटी गुठळी फुप्फुसाच्या कडेच्या वाहिनीत अडकली तर तिथला भाग रक्ताविना सुजतो, शेजारच्या पापुद्र्याला लागतो आणि अगदी तुमच्यासारखीच कळ येते. मोठी गुठळी मध्यावरच्या वाहिनीत अडकली तर मात्र दुखेलच असं नाही. त्यात एकदम दम लागतो, माणूस बेशुद्धही पडतो. कळेची तीव्रता आणि आजाराचं गांभीर्य यांचा संबंध किती कमी आहे याचं हे सगळ्यात भीतीदायक उदाहरण. तुमची लक्षणं पाण्याकडे जास्त झुकतात, पण पायाला सूज असेल, पूर्वी कधी गुठळी झाली असेल किंवा नुकतंच ऑपरेशन झालं असेल तर ते न विचारताही सांगा.

पुन्हा कळ आलीच तर ती निमूट सोसू नका. सोसणारा माणूस नकळत वरवरचा श्वास घेतो, खोकला दाबतो, आणि मग कफ आत साचतो, फुप्फुसाचा तळ मिटून जातो. आयबुप्रोफेनच्या गटातली औषधं या कळेवर चांगली चालतात, कारण ती प्रोस्टाग्लँडिन तयार होणंच कमी करतात. पण पोटात अल्सर, मूत्रपिंडाचा त्रास, दमा किंवा रक्त पातळ करणारी गोळी यांतलं काही असेल तर ती स्वतःच्या मनाने घेऊ नका. खोकताना दुखऱ्या बाजूवर उशी घट्ट धरा. दुखऱ्या कुशीवर झोपल्याने बरं वाटतं, कारण त्या बाजूच्या बरगड्या कमी हलतात, तेही चालेल. छाती पट्ट्याने आवळून बांधणं मात्र टाळा. कळ कमी होते हे खरं, पण श्वासही तेवढाच कोंडतो.

पाणी निघालं तर त्याचा नमुना काढतील आणि पेशी, साखर, आम्लता, जंतू हे सगळं तपासतील. क्षयरोगातही असंच पाणी होतं, त्यामुळे त्याचीही तपासणी होईल. घाबरू नका. तुम्हाला बसवून, पुढे टेबलावर रेलायला सांगून, पाठीकडून सुई घालतात. ती बरगडीच्या वरच्या कडेला लागून घालतात, कारण नस आणि रक्तवाहिनी बरगडीच्या खालच्या कडेने जातात. कातडीला भूल दिल्यावर डॉक्टर थोडे खोल जाऊन पुन्हा भूल देतील, ती बाहेरच्या पापुद्र्यासाठी. तिथे पुरेशी भूल मिळाली की पुढचं सहसा फारसं दुखत नाही. एकदम टोचल्यासारखं झालं तर हलू नका, फक्त बोला, ते आणखी भूल देतील. जास्त पाणी असेल तर एका वेळी साधारण दीड लिटरच्या पुढे सहसा काढत नाहीत. छाती आवळू लागली किंवा खोकल्याची उबळ थांबेना, तर त्याआधीही थांबतात. म्हणून तेही लगेच सांगा.

पाणी निघाल्यावर एकदोन दिवस तीच जुनी कळ पुन्हा येऊ शकते. फुप्फुस फुगून भिंतीला टेकतं आणि पापुद्रे परत एकमेकांना लागतात. दम कमी होत असेल आणि ताप उतरत असेल तर त्या कळेची काळजी करू नका, वेदनाशामक घ्या आणि खोल श्वास घेत राहा. पण कळेबरोबर दम एकदम वाढला, तर सुईच्या जागेतून हवा शिरून किंवा फुप्फुसाला सुई लागून ते मिटलं नाही ना, हे पाहायला त्याच दिवशी पुन्हा एक्स-रे काढून घ्या.